एकाच साबणाचे दोन फोटो: स्टॉलसाठी साबण फोटोंवरून कसे निवडावेत

दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या ग्रुपवर साबणांचे चौदा फोटो आले होते. आम्ही पाच जणी: बेळगावातल्या शहापुरात मी आणि माझ्या वन्सं, तिथल्याच टिळकवाडीतल्या काकू, खानापूरची मामेबहीण आणि निपाणीची मैत्रीण. बेळगावात देवळाच्या हॉलात तीन दिवसांचं प्रदर्शन होतं, त्यात आमचं एक टेबल. टेबल लहान, म्हणून सहाच तऱ्हेचे साबण मांडायचे ठरलं होतं. साबण तिन्ही गावांत रॅकवर वाळत होते. ते गोळा करून बघायचे म्हणजे कोणीतरी निपाणीहून पिशवी घेऊन एसटीनं यायचं. त्यापेक्षा फोटो बघून ठरवूया म्हटलं.

एका गुलाबी साबणाला चार मतं पडली. त्याच्या खालच्या विटकरी साबणाला एकही नाही. काकूंनी तर लिहिलं, "हा कशाला पाठवला? भट्टीतनं काढलेली वीट दिसते." दुसऱ्या दिवशी मामेबहिणीचा फोन आला. "आक्का, ते दोन्ही एकच हाय की! मंजिष्ठाचा. एक फोटो अंगणातला, एक स्वैपाकघरातला. चुकून दोन गेले."

म्हणजे आम्ही साबणांना मतं दिलीच नव्हती. अंगणाला चार दिली होती आणि स्वैपाकघरातल्या पिवळ्या बल्बला शून्य. मग सगळे फोटो पुसून पुन्हा काढले, आणि तेव्हा जी पद्धत बसली ती इथं लिहिते आहे. आमचे साबण बहुतेक कोल्ड प्रोसेसचे, म्हणजे तेल आणि कास्टिक सोड्याचं पाणी मिसळून मोल्डमध्ये ओतायचे, कापायचे आणि चार ते सहा आठवडे वाळवायचे. एक-दोन मेल्ट अँड पोअरचे होते, म्हणजे तयार सोप बेस वितळवून ओतलेले. दोन्हींत दोष वेगळे निघतात, ते पुढे येईल.

पहिली पायरी: सगळ्यांच्या घरी एकच उजेड

तीन गावांत एकच उजेड कसा आणायचा? आणता येतो, फक्त दिवे बंद करावे लागतात. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ बरी. खोलीतला ट्यूबलाइट आणि बल्ब दोन्ही बंद. खिडकीचा उजेड निळसर असतो, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र पडले की साबणाची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्याच रंगाची दिसते, आणि मग कुठलंही अॅप ते दुरुस्त करू शकत नाही. आमची पहिली घाण इथंच झाली होती.

खानापूरकडे पावसाळ्यात भर दुपारीसुद्धा दिवे लावावे लागतात. तिथं फोटो थोडा काळपट आला तरी चालेल, पण दिवा लावू नका. काळपट फोटो नंतर उजळता येतो, मिसळलेला रंग वेगळा करता येत नाही. उघडीप मिळेपर्यंत दोन दिवस थांबलात तर आणखी बरं.

खिडकीजवळ स्टुलावर एक करडा कागद अंथरा. स्टेशनरीच्या दुकानात चार्ट पेपर मिळतो त्यातला मध्यम करडा घ्या आणि एकाच मोठ्या कागदाचे तुकडे करून सगळ्यांना पाठवा. पांढरा का नको? फोनचा कॅमेरा समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम उजेडाचं करायला बघतो. पांढऱ्या कागदावर दुधाचा साबण ठेवला तर सगळंच फार उजळ झालं असं त्याला वाटतं आणि तो फोटो काळवंडून टाकतो. काळ्या कापडावर कोळशाचा साबण ठेवला तर उलट, काळा साबण उजळून राखाडी होतो. करड्या कागदावर कॅमेऱ्याची ही खोड बरीच आवरते.

आता आमची युक्ती, जी वन्संच्या डोक्यातून निघाली. प्रत्येक साबणाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं. त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो, म्हणजे साबण केवढा आहे ते फोटोतूनच कळतं. पण खरा उपयोग रंगाला. नाण्याची बाहेरची कडी पिवळी आणि आतली चकती पांढरट. फोटोत आतली चकतीही पिवळी दिसली तर अख्खा फोटो पिवळा झालाय. चकती निळसर दिसली तर फोटो थंड झालाय, आणि शेजारचा साबणही खऱ्यापेक्षा निळसरच दिसतोय. नाणं नवंकोरं नको, फार मळकंही नको. आणि ते सपाट ठेवा, नाहीतर खिडकीचं प्रतिबिंब पडून चकती नुसतीच चमकते आणि काहीच सांगत नाही.

फोन हातात धरू नका. पुस्तकांच्या गठ्ठ्यावर किंवा डब्याला टेकवून, साबणापासून साधारण अर्धा मीटर लांब ठेवा आणि दोन पट झूम करा. अगदी जवळ नेला तर साबणाचा पुढचा कोपरा फुगलेला दिसतो आणि चौकोनी वडी फणसाच्या गऱ्यासारखी होते. मग पडद्यावर साबणावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनवर `AE/AF Lock` किंवा कुलपाचं चित्र येतं. त्यामुळे उजेड आणि फोकस तिथंच थांबतात आणि पुढच्या साबणाला फोन स्वतःहून बदलत नाही. रंगसंगती मात्र त्यानं थांबेलच असं नाही. ती थांबवायची असेल तर कॅमेऱ्यात `Pro` मोड बघा आणि त्यात `WB` हा आकडा 5200 ते 5500 च्या दरम्यान ठेवा. हा मोड नसेल तर नाण्यावर भिस्त. सौंदर्य वाढवणारे फिल्टर, 'सीन' ओळखणारी सोय, सगळं बंद.

दुसरी पायरी: एका साबणाचे तीन फोटो

एकाच फोटोत सगळं दाखवायला गेलं की काहीच नीट दिसत नाही. म्हणून तीन.

पहिला फोटो समोरून, उजेड समोरच्या बाजूनं, साबण उघडा, लेबल नाही. हा रंगासाठी.

दुसरा फोटो फिनिशसाठी. साबण अशा जागी ठेवा की खिडकी त्याच्या एका बाजूला येईल आणि उजेड पृष्ठभागावरून जवळजवळ घासत जाईल. संध्याकाळी रस्त्यावरचा बारीक खड्डासुद्धा लांब सावलीनं कळतो ना, तसंच. समोरून फ्लॅश मारला तर सुरीचे ओरखडे, बुडबुडे, वरची पांढरी पावडर, सगळं पुसलं जातं. एखाद्या फोटोत साबण आरशासारखा गुळगुळीत दिसत असेल तर आधी विचारा, उजेड कुठून होता?

या दुसऱ्या फोटोची एक जोडी घ्यावी. एक काढा, मग साबण जागच्या जागी अर्धा फिरवून दुसरा काढा. का ते पुढे.

तिसरा फोटो मांडणीचा. स्टॉलवर जसा ठेवणार तसा, कागदी पट्टी किंवा पाकीट घातलेला, तीन-चार वड्या एकत्र. झेंडूची फुलं, पितळी समई, तांदूळ, पैठणीचा पदर यातलं काही नाही. आमच्या पहिल्या फेरीतल्या हळदीच्या साबणाच्या फोटोत साबणापेक्षा झेंडू जास्त होता. प्रदर्शनात गिऱ्हाइकाला झेंडू मिळणार नाही.

प्रत्येक फोटोत कोपऱ्यात एक चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर फक्त क्रमांक आणि साबण ओतल्याची तारीख लिहा. नाव नको. नाव दिसलं की काकूंच्या साबणाला कोणी कमी मत देत नाही, हे पाचही जणींनी नंतर हसत कबूल केलं. आणि फोटो पाठवताना साध्या फोटोसारखे टाकू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. नाहीतर व्हॉट्सअॅप ते दाबून लहान करतं, आणि बारीक रेघा, छोटे बुडबुडे नेमके तेव्हाच हरवतात.

तिसरी पायरी: आधी फिनिश बघायचं

तुलनेचा क्रम महत्त्वाचा: फिनिश, मग रंग, मांडणी सगळ्यात शेवटी. सुंदर पट्टी एकदा बघितली की तिच्या आतल्या वडीचा कोपरा मोडलेला डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मांडणीचे फोटो आमच्याकडे दुसऱ्या दिवशीच उघडायचे असा नियम केला.

आडव्या उजेडाचे फोटो दोन-दोन शेजारी ठेवून बघा. एकामागोमाग एक सरकवत बघितलं की तिसऱ्या फोटोपर्यंत पहिला विसरलेला असतो. लॅपटॉप असेल तर उत्तम. नसेल तर दोन फोटोंचा कोलाज करा. पडद्याचा 'डोळ्यांना आराम' देणारा पिवळा मोड बंद करा आणि उजेड पुरेसा वाढवा. आमच्यात एकीला सगळेच साबण "जरा पिवळट" वाटत होते. तिचा तो मोड संध्याकाळी सातला आपोआप चालू व्हायचा.

आता काय बघायचं. वरच्या बाजूला पांढरट थर दिसतोय का? हा बहुतेक वेळा सोडा अॅश असतो. साबण ओतल्यावर वरच्या थरातली लाय, म्हणजे कास्टिक सोड्याचं पाणी, पूर्ण मुरण्याआधी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिसळली की सोडियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. त्यानं अंगाला अपाय होत नाही, पण गिऱ्हाइकाला बुरशी वाटते. हा थर आहे की नुसती उजेडाची चमक आहे हे एका फोटोतून सांगता येत नाही. इथं ती जोडी कामाला येते. साबण अर्धा फिरवल्यावर पांढरा डाग खिडकीच्याच बाजूला राहिला तर ती चमक. डाग साबणाबरोबर फिरला तर तो अॅश. सोडा अॅश काढता येतो: काही सेकंद वाफ दाखवा, किंवा सोलण्यानं वरचा पातळ पापुद्रा काढा. म्हणून त्यासाठी साबण बाद करू नका, फक्त काम वाढलं असं धरा. पुढच्या वेळी ओतल्यावर मोल्ड लगेच झाकलात तर हा थर कमी येतो.

बाजूच्या कापलेल्या भागावर उभ्या रेघा दिसतात का बघा. सुरी ओढल्याच्या खुणा असतात त्या. साबण फार मऊ असताना कापला तर रेघा चिकट आणि खोल येतात. फार कडक झाल्यावर कापला तर कडा तुटून भुगा पडतो. मिठाच्या साबणात दुसरा प्रकार नेहमीचा, कारण तो फार लवकर कडक होतो. रेघा ओल्या कापडानं पुसून कमी होतात, पण तुटलेला कोपरा राहतोच.

वडीच्या मधोमध गडद गोल आणि कडेला फिकट पट्टा दिसला तर तो अर्धवट जेल झालेला साबण. मोल्डच्या मध्यात उष्णता साठली आणि कडेची निसटली, एवढंच. वापरायला साबण चांगला असतो. पण शेजारच्या वड्यांमध्ये तो गोल लहान-मोठा असेल तर ओळीत मांडल्यावर माल एकसारखा वाटत नाही. म्हणून अशा साबणाच्या एका वडीचा नाही, चार वड्यांचा फोटो मागवा.

केशरी किंवा तांबूस ठिपके दिसले तर मात्र तो साबण थेट बाजूला. तेल खवट होऊ लागल्याची ती खूण. आज दोन ठिपके असतील, प्रदर्शनापर्यंत वीस होतील, आणि वास तर फोटोत येतच नाही. कडक पांढरे दाणे किंवा ओलसर खड्डे दिसले तरी टेबलावर ठेवू नका. तो न विरघळलेला रंग आहे, चुकून न मिसळलेली लाय आहे की आणखी काही, हे फोटोवरून सांगता येत नाही. तो साबण बघायला हातातच घ्यावा लागतो.

मेल्ट अँड पोअरच्या साबणावर बारीक चमकदार थेंब दिसतात. दवबिंदू वाटतात आणि फोटोत मोठे सुंदर दिसतात. बेसमधलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं, त्याचे ते थेंब. बेळगावच्या पावसाळी हवेत उघडा ठेवलेला असा साबण एका रात्रीत घामेजतो. कोणी सांगेल, "मी फोटोसाठी पाणी शिंपडलं होतं." असं असेल तर तो फोटो तुलनेत घेऊच नका. घाम आहे की पाणी, हे दुसऱ्या कुणाला कसं कळणार?

चौथी पायरी: रंग, आणि रंगाची तारीख

रंगाचे फोटो उघडले की पहिल्यांदा साबणाकडे नाही, नाण्याकडे बघा. दोन फोटोंतल्या नाण्यांच्या आतल्या चकत्या सारख्याच पांढरट दिसत असतील तरच साबणांची तुलना करा. एकात पिवळी झाली असेल तर तो फोटो परत मागवा. अंदाजानं "हा मुळात जरा गोरा असेल" असं म्हणत बसू नका. आम्ही मंजिष्ठाला तसंच घालवणार होतो.

दुसरं, चिठ्ठीवरची तारीख. हातानं केलेल्या साबणाचा रंग थांबत नाही. काकूंचा दूध आणि व्हॅनिलाचा साबण कापल्याच्या दिवशी साईसारखा होता. पाच आठवड्यांनी तो चहाच्या रंगाचा झाला. व्हॅनिलाच्या सुगंधात व्हॅनिलिन असतं, ते हळूहळू तपकिरी होत जातं. कितपत होईल हे सुगंधात ते किती आहे त्यावर. वाईट काही नाही, लोकांना तो रंगही आवडतो. पण मतं साईच्या रंगाला पडली होती आणि टेबलावर चहा येणार होता. म्हणून कापल्याच्या दिवशी एक आणि चार आठवड्यांनी एक असे दोन फोटो ठेवावेत, आणि तुलना नेहमी दुसऱ्यावर करावी. साबण अजून कोवळा असेल तर त्याला मत देऊ नका, थांबा.

नैसर्गिक रंगांत हे जास्त. हळद अल्कलीत गेली की आधी लालसर होते, मग केशरी-पिवळ्यावर येऊन बसते आणि उन्हात फिकटत जाते. बिटाचा रस साबणात गुलाबी राहत नाही, तपकिरी होतो. जास्वंद करड्या-तपकिरीकडे जाते. कडुनिंबाच्या पाल्याची पूड पहिले काही दिवस हिरवी, मग शेवाळी, मग खाकी. हे माहीत असलं की आठवड्याभरापूर्वीच्या साबणाच्या झगमगीत हिरव्या फोटोला भुलत नाही आपण. मुलतानी माती, कोळसा, लाल माती यांचे रंग मात्र जवळजवळ जिथल्या तिथं राहतात.

तिसरं, स्टॉलवरचा उजेड. प्रदर्शन संध्याकाळी भरात येतं, आणि मांडवात पिवळे एलईडी असतात. आम्ही सगळ्या साबणांचा एक जादा फोटो संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली काढला. यासाठी `WB` दिवसाचाच ठेवायला हवा. तो आपोआपवर ठेवला तर फोन पिवळेपणा काढून टाकतो आणि बल्बखाली साबण खरंच कसा दिसेल ते कळत नाही. या फोटोत नीळ घातलेला फिकट निळा साबण पार राखाडी झाला. दिवसाच्या फोटोत तोच पहिल्या तीनात होता.

आणि एक युक्ती, जी मला सगळ्यात उपयोगी पडली. सगळे रंगाचे फोटो एका कोलाजमध्ये घ्या आणि काळे-पांढरे करा. गिऱ्हाईक दोन मीटरवरून जाताना आधी फिका-गडद फरक बघतं, रंग नंतर. आमच्या कोलाजमध्ये हळद, कडुनिंब आणि मंजिष्ठा हे तिन्ही एकाच करड्याचे निघाले. रंगीत फोटोत ते पिवळा, खाकी, गुलाबी असे छान वेगळे होते. शेजारी-शेजारी मांडले असते तर लांबून एकच पट्टा दिसला असता. त्यांच्यामध्ये कोळशाचा काळा आणि दुधाचा फिका घातला तेव्हा ओळ सुटी झाली.

पाचवी पायरी: मांडणीचे फोटो

इथं फार वेळ घालवू नका, पण तीन गोष्टी बघा.

फोटो टपालाच्या तिकिटाएवढा लहान करून बघा. साबणाचं नाव वाचता येतं का? येत नसेल तर स्टॉलसमोर उभ्या बाईलाही येणार नाही. आमच्या अर्ध्या पट्ट्यांवर बारीक वळणदार अक्षर होतं. प्रेमानं लिहिलेलं, पण मुंग्या चालल्यासारखं. आमच्याकडे गिऱ्हाईक मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारं, म्हणून नाव दोन्ही भाषांत मोठं लिहिलं आणि बाकी मजकूर मागच्या बाजूला नेला. मागच्या बाजूचाही एक फोटो मागवा. निव्वळ वजन, किंमत, बनवल्याचा महिना आणि बनवणाऱ्याचा पत्ता आहे का बघा. वजन वाळल्यावरचं लिहा. ओतताना 110 ग्रॅमची असलेली वडी पाणी उडून चार-सहा आठवड्यांत हलकी होते.

पट्टीनं साबण किती झाकलाय? वडीचा निम्म्याहून जास्त भाग झाकला गेला असेल तर रंगासाठी केलेली एवढी मेहनत कागदाखाली गेली. पट्टी वडीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पुरते.

आणि वेष्टण साबणाच्या जातीला धरून आहे का? कोल्ड प्रोसेसचा साबण श्वास घेतो म्हणतात, म्हणजे त्यातलं पाणी अजून उडत असतं. तो प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळला तर आतून ओल धरतो. त्याला कागदी पट्टी बरी. मेल्ट अँड पोअरच्या साबणाला मात्र घट्ट प्लॅस्टिकच हवं, नाहीतर वर सांगितलेला घाम. प्लॅस्टिकवरची चमक फोटोत पांढरे पट्टे आणते. त्यावरून साबण खराब ठरवू नका, ते फोटोचं वेष्टणाशी भांडण आहे.

आमचा हिशेब कसा झाला

चौदा फोटोंत एकच साबण दोनदा आला होता, तो वगळून तेरा उरले. फिनिशच्या फेरीत चार गळले. दोघांवर केशरी ठिपके होते, एकाचे कोपरे तुटलेले, आणि एक मेल्ट अँड पोअरचा साबण घामानं डबडबलेला. मैत्रिणीच्या कोळशाच्या साबणावर पांढरा थर होता आणि पहिल्यांदा आम्ही तोही काढणार होतो. फिरवलेला फोटो बघितला तर डाग साबणाबरोबर फिरला होता, म्हणजे अॅश. तिनं सोलण्यानं वरचा पापुद्रा काढून परत फोटो पाठवला आणि तो राहिला. काळ्या साबणावर तो थर सगळ्यात जास्त उठून दिसतो, पण काढल्यावर सफाईही तितकीच छान येते.

रंगाच्या फेरीत नऊ होते. व्हॅनिलाचा जुना फोटो बाजूला ठेवून ताजा मागवला. चहाचा रंग बघून वन्सं म्हणाल्या, "ह्याला 'बासुंदी' म्हणूया, लोक विचारतील." नावासकट तो पुढे गेला. नीळ वगळली, बल्बखाली राखाडी म्हणून. कडुनिंबाचा एक साबण नऊ दिवसांचाच होता, त्यावर मत द्यायचं थांबवलं आणि तो संक्रांतीच्या वाणासाठी राखून ठेवला. तोपर्यंत त्याचा शेवटचा रंग कळेल. उरले सात.

मांडणीच्या फेरीत काढण्यासारखं कोणी नव्हतं, पण जागा सहांनाच होती. मग काळ्या-पांढऱ्या कोलाजमध्ये जो साबण दुसऱ्या एकाशी हुबेहूब जुळत होता तो काढला. तो माझाच होता, मुलतानी मातीचा. काकूंच्या बासुंदीशी त्याची छटा बरोब्बर जुळत होती, आणि बासुंदीचं नाव चांगलं होतं, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती.

प्रदर्शनाच्या पहिल्या सकाळी टेबल मांडून झालं तेव्हा मामेबहिणीनं मंजिष्ठाची वडी आणि फोन शेजारी धरून बघितलं. वडी फोटोपेक्षा जरा गडद होती. हॉलच्या त्या कोपऱ्यात खिडकी नव्हती. आम्ही टेबलाचा तो भाग फिरवून दाराकडे केला.